दोन सुयांचं गणित (भाग ४) : कड का गुंडाळते?

घरातला एखादा जुना टी-शर्ट घ्या आणि त्याची खालची शिवण कापून टाका. कापलेली कड हलकेच ताणून सोडली की ती आपोआप वर, बाहेरच्या बाजूला गुंडाळते. बाजूची शिवण कापली तर ती कड मात्र आतल्या बाजूला वळते. स्वेटरचा साधा भागही अगदी असाच वागतो, कारण दोन्हींची वीण एकच, जर्सी. सुयांवर आपण ती एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणतो. आपल्याकडचा ‘गंजिफ्रॉक’ हा शब्द गर्नसी बेटावरून आला आणि ‘जर्सी’ त्याच्या शेजारच्या बेटावरून. दोन्ही बेटांची नावं विणलेल्या कपड्यांना चिकटली.

गुंडाळण्याचं कारण टाक्यातच आहे. सुलट बाजूला आपल्याला इंग्रजी ‘व्ही’सारखे दोन पाय दिसतात. टाक्याचं डोकं आणि बूड मात्र मागे दडलेलं असतं. म्हणजे प्रत्येक टाका उभ्या दिशेत धनुष्यासारखा पुढे फुगलेला असतो. वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो, म्हणून वरची आणि खालची कड पुढे येते. आडव्या दिशेत हाच ताण उलटा असतो, त्यामुळे बाजूच्या कडा मागे वळतात. मधल्या टाक्यांना चारी बाजूंनी शेजारी धरून ठेवतात, कडेच्या टाक्याला एका बाजूने कुणीच नसतं. म्हणूनच इस्त्री करून किंवा पाण्यातून काढून टाचण्या लावून वाळवूनही कड फार काळ सपाट राहत नाही.

उलट टाका ही सुलट टाक्याचीच पाठ. एक सुलट, एक उलट असं आलटून पालटून विणलं की एका उभ्या रांगेला मागे वळायचं असतं, तर शेजारच्या रांगेला पुढे. दोघी एकमेकींना अडवतात आणि कड सपाट राहते. हीच आपली बॉर्डर. उलट रांगा सुलट रांगांच्या मागे सरकून लपतात आणि कापड पंख्याच्या घडीसारखं मिटतं. मनगटावर ताणलं की घड्या उघडतात, सोडलं की मिटतात. बॉर्डर ताणते ती मुख्यतः या घड्यांमुळे, धागा लांबतो म्हणून नव्हे. बॉर्डर ताणून धरा, मधल्या उलट रांगा उघड्या पडताना स्पष्ट दिसतील.

घट्ट बसावी म्हणून बॉर्डर बारीक सुयांवर घालतात. अंग ८ नंबरवर, तर बॉर्डर १० नंबरवर. मात्र बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. त्यावर गरम इस्त्री दाबून फिरवली की धाग्याची उसळी कायमची जाते आणि बॉर्डर लोंबते. मेंढीच्या लोकरीची ढिली पडलेली बॉर्डर भिजवून, दाबून, जवळ घेऊन वाळवली की बरीचशी सावरते. अ‍ॅक्रिलिकची पुन्हा जागेवर येत नाही. सुती धाग्याला मुळात उसळीच कमी.

आता केबल. माझा पहिला केबलचा स्वेटर मी साध्या विणीच्या मापावर घातला होता. दहा सेंटिमीटरला २२ टाके, पुढचा भाग ५० सेंटिमीटर हवा, म्हणून ११० टाके. त्यात सहा-सहा टाक्यांच्या चार केबल. पुढचा भाग विणून मोजला तर तो ४७ भरला. सहा टाके साध्या विणीत सुमारे पावणेतीन सेंटिमीटर व्यापतात, माझी केबल जेमतेम दोन सेंटिमीटर होती. तीन टाके मागे धरून पुढचे तीन आधी विणले की ते एकमेकांवर चढतात, जागा कमी घेतात. चार केबल मिळून तीन सेंटिमीटर गेले. पाठही तशीच असती तर छातीत सहा सेंटिमीटर कमी पडले असते.

त्यावरचा उपाय सोपा आहे. सहाची केबल साध्या विणीच्या साधारण साडेचार टाक्यांची जागा घेते. म्हणून बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत, जिथे केबल येणार तिथल्या चार टाक्यांत दोन वाढवून सहा करायचे. बॉर्डर फुगत नाही आणि रुंदी भरून निघते. ११० चे ११८ टाके होतात. आधी एक केबल आणि दोन्हीकडचे उलट टाके घालून नमुना मोजावाच, कारण प्रत्येकीचा हात वेगळा.

केबल ताणायला कमी, कारण तिचे टाके आधीच आडवे ओढलेले असतात. म्हणूनच केबलचा स्वेटर अंगावर आकार चांगला धरतो आणि जडही होतो. सहाव्या किंवा आठव्या ओळीला वळवली तर ती मऊ राहते. दर चौथ्या ओळीला वळवली की दोरखंडासारखी कडक होते आणि भोवतालचं कापड खड्ड्यात ओढते.

खांद्याशी टाके बंद करताना मात्र वाढवलेले दोन टाके प्रत्येक केबलवर पुन्हा कमी करायला हवेत. तिथे पुढचा वळसा नसतो. जागा आवळून धरणारं कुणी उरलं नाही की सहाही टाके पसरतात आणि खांद्याची शिवण प्रत्येक केबलपाशी झालरीसारखी फुगते.