हे गवत कापलं कोणी?

हिमाचल प्रदेशात चंबा जिल्ह्यात खज्जियार नावाचं एक कुरण आहे. बशीसारखा खोलगट हिरवा माळ, मधोमध छोटं तळं आणि चहूबाजूंनी देवदारांचं दाट रान. १९९२ साली स्वित्झर्लंडच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने याला ‘मिनी स्वित्झर्लंड’ म्हणून मान्यता दिली. बर्न इथून किती किलोमीटरवर आहे, ते सांगणारी पाटीही तिथे लागली. त्याच सुमाराला उलटा प्रवासही चालू होता. काश्मीर खोरं अशांत झालं आणि हिंदी सिनेमाने आपली गाणी उचलून स्वित्झर्लंडला नेली. यश चोप्रांनी तिथे इतकं चित्रीकरण केलं, की इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. म्हणजे आपण काश्मीरसारखं दिसतं म्हणून स्वित्झर्लंडला गेलो आणि खज्जियारला जातो ते स्वित्झर्लंडसारखं दिसतं म्हणून.

आता मोबाइलवर असे फोटो रोज येतात. हिरवा उतार, मागे बर्फ, खाली ‘हे स्वित्झर्लंड नाही, आपला भारत आहे’ अशी ओळ. कधी ती खरी असते, कधी फोटो खरोखरच स्वित्झर्लंडचा असतो. ओळखायचं कसं?

गोंधळ होतो त्याचं कारण सरळ आहे. फोटोत नजर आधी डोंगर, बर्फ आणि हिरवळ या गोष्टींकडे जाते आणि नेमक्या त्याच दोन्हीकडे असतात. हिमालय आणि आल्प्स दोन्ही घडीचे पर्वत, दोन्हीकडे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या, थंड हवेत वाढणारी सूचिपर्णी झाडं. त्या सुंदर भागावरून काहीच ठरत नाही. म्हणून मी आधी गवत बघतो.

स्वित्झर्लंडमध्ये गावालगतचं गवत कापलं जातं. हिवाळ्यात गुरं महिनोन्‌महिने गोठ्यात असतात, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात चारा वाळवून साठवावा लागतो. तिथलं सरकार उतारावरची शेती सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान देतं, त्यामुळे जिथे उभं राहणंही कठीण तिथलं गवतही कोणीतरी कापतं. फोटोत हे स्पष्ट दिसतं. एक पट्टा गडद हिरवा आणि गुडघाभर उंच, शेजारचा फिकट आणि नुकताच कापलेला, दोघांमध्ये सरळ रेघ. उतारावर इकडेतिकडे काळपट लाकडी कोठारं. व्हॅले प्रांतात तर जुनी कोठारं खांबांवर उभी असतात आणि खांबाच्या माथ्यावर गोल सपाट दगड बसवलेला असतो. उंदीर खांबावरून चढला तरी त्या दगडाला ओलांडू शकत नाही. असा दगड दिसला की पुढे बघायची गरज नाही.

गुलमर्ग, खज्जियारसारख्या माळांवर गवत कापलं जात नाही, ते चरलं जातं. मेंढ्या, घोडे, गुरं ते जमिनीलगत कुरतडतात, म्हणून तो हिरवा गालिचा इतका एकसारखा दिसतो. जनावरांना न आवडणारी झुडपं आणि फुलझाडं मात्र तशीच उरतात, त्यांचे उंच पुंजके मधूनमधून दिसतात. कुंपण फारसं नसतं. त्याऐवजी घोड्यांच्या येण्याजाण्याने उघड्या पडलेल्या मातीच्या वेड्यावाकड्या वाटा असतात. वरच्या कुरणांवर गुज्जर-बकरवालांची घरं असली तर ती उतारात अर्धी रुतलेली, मातीच्या सपाट छपराची असतात. फक्त एक सावधगिरी: आल्प्समध्येही गावांच्या वर, उंचावर, नुसती चराऊ कुरणं आहेतच. म्हणून ‘चरलेलं आहे’ एवढ्यावरून भारत ठरत नाही. ‘पट्ट्यापट्ट्याने कापलेलं आहे’ यावरून मात्र गुलमर्ग आणि खज्जियार बाद होतात.

झाडांची गोष्ट जरा नाजूक आहे. देवदाराच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात, कोवळ्या झाडाचा शेंडा किंचित खाली झुकलेला असतो आणि म्हाताऱ्या झाडाचा माथा सपाट होतो. आल्प्समधला स्प्रूस थेट टोकदार, फांद्यांवरून डहाळ्या पडद्यासारख्या लोंबणाऱ्या. पण हिमालयातही एक स्प्रूस आहे आणि त्याच्याही डहाळ्या लोंबतात. दूरच्या फोटोत या दोघांत फरक करणं वनस्पतिशास्त्रज्ञालाही जड जाईल. म्हणून देवदार ओळखता आला तर खुशाल वापरावा, नाहीतर झाडांवर हट्ट धरू नये.

झाडांपेक्षा जंगलाची उंची जास्त बोलते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तरी तिथे चहूकडे फरचं दाट जंगल आहे. स्वित्झर्लंडमध्ये जंगल साधारण १,९०० ते २,३०० मीटरच्या आसपास संपतं, त्याच्यावर गवत, मग खडक. गुलमर्ग ३४ अक्षांशावर, स्वित्झर्लंड ४६-४७ वर. विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितकी झाडांना डोंगरावर चढायला जास्त मुभा. तेव्हा फोटोखाली कोणी उंची लिहिली असेल तर ती पडताळून बघता येते. ‘आल्प्स, २,६०० मीटर’ असं लिहून मागे घनदाट रान दाखवलं असेल, तर ओळ किंवा फोटो, दोन्हीपैकी एक खोटं आहे.

अक्षांशाचा दुसरा धागा सावलीत सापडतो आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण तो गणिताचा आहे. २१ जूनला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो तेव्हा, भर दुपारी स्वित्झर्लंडमध्ये सूर्य क्षितिजापासून साधारण ६७ अंशांवर चढतो. त्या वेळी सहा फुटी माणसाची सावली अडीच फूट पडते. यापेक्षा लहान सावली त्या देशात सपाट जमिनीवर जवळजवळ पडूच शकत नाही. गुलमर्गला त्याच दिवशी सूर्य ७९ अंशांच्या वर जातो आणि त्याच माणसाची सावली फूटभरच उरते.

समजा, एक फोटो आला. हिरवा माळ, मागे सूचिपर्णी रान, लाल उतरत्या पत्र्याची दोन घरं, पुढे सपाटीवर उभी असलेली एक बाई आणि एक घोडा. खाली लिहिलंय: ‘स्वित्झर्लंड, जून’. गवत एकसारखं कुरतडलेलं, कापल्याची रेघ कुठेच नाही. हे शंका घ्यायला पुरेसं, निकालाला नाही. छपरं पत्र्याची आहेत. गुलमर्ग-पहलगामला असं छप्पर सर्रास दिसतं, तर स्विस डोंगरी घरांची छपरं बहुधा कौलांची, लाकडी फळ्यांची किंवा दगडी पाट्यांची असतात. शंका वाढली. आता बाईची सावली. ती तिच्या उंचीच्या पाचव्या भागाएवढी आहे. इथे फोटोचा निकाल लागला, कारण स्वित्झर्लंडमध्ये ती उंचीच्या दोन पंचमांशांखाली जात नाही. मात्र हे लक्षात ठेवायला हवं, की हा पुरावा एकाच दिशेने चालतो. सावली लहान असेल तर स्वित्झर्लंड बाद. सावली लांब असेल तर काहीच सिद्ध होत नाही, फोटो नुसता सकाळचा असू शकतो. आणि जमीन उताराची असेल तर हे गणित सोडूनच द्यावं, कारण उतारावर सावली आपोआप ताणली किंवा आखडली जाते.

जुन्या शहरांचं कोडं निराळं. तिथे डोंगराऐवजी माणसाने बांधलेल्या गोष्टी सारख्या असतात आणि त्या मुद्दाम सारख्या केलेल्या असतात. पणजीचं फोंतेन्यास घ्या. पिवळ्या, निळ्या, लाल भिंती, पांढऱ्या चौकटी, लोखंडी कठड्यांचे सज्जे, अरुंद वळणाची गल्ली. लिस्बनच्या एखाद्या जुन्या वस्तीचा फोटो शेजारी ठेवला तर पाहणारा चाचपडतो. पाट्या वाचाव्यात म्हटलं तर त्याच फसवतात. निळ्या-पांढऱ्या फरशीवर पोर्तुगीजमध्ये लिहिलेली ‘रुआ’ची नावं पणजीत आजही आहेत. छपराच्या कौलांवरही विसंबता येत नाही. आपली मंगलोरी कौलं युरोपातल्या चपट्या, एकात एक अडकणाऱ्या कौलांच्या घराण्यातली. मंगळुरात त्यांचा कारखाना बाझल मिशनने १८६५ मध्ये काढला. बाझल म्हणजे स्वित्झर्लंडच, योगायोग गमतीचा आहे. तशाच धाटणीची कौलं पोर्तुगालमध्येही आहेत.

इथे उपयोगी पडतो पाऊस. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो, लिस्बनमध्ये त्याच्या चौथ्या भागाएवढा, तोही मुख्यतः हिवाळ्यात. एवढं पाणी चार महिने झेलणारं घर त्याच्या खुणा लपवू शकत नाही. पणजीतली छपरं भिंतीच्या बरीच पुढे आलेली असतात, जोतं उंच असतं आणि रंग कितीही ताजा असला तरी कोपऱ्यांत, कठड्यांखाली शेवाळाचे काळे ओघळ उतरलेले असतात. पोपडे निघालेले असतील तर नशीब, कारण आत तांबडा, भोकाभोकांचा जांभा दिसतो. लिस्बनच्या भिंतीतून तो निघणार नाही. तिथे पूर्ण दर्शनी भिंतच रंगीत चकाकत्या फरशांनी मढवलेली सापडते, पणजीत फरशी बहुतेक घराच्या नावापुरती. लिस्बनचा पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या चौकोनी दगडांचा, पणजीचा पेव्हरब्लॉकचा किंवा नुसत्या गटारावरच्या झाकणांचा. मे महिन्याच्या सुरुवातीला पणजीत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली गोळा होते. लिस्बनला ते कधीच होत नाही.

रस्त्यावर गाडी दिसली तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून तिचं चाक कोणत्या बाजूला आहे ते बघावं. भारतात उजवीकडे, पोर्तुगाल आणि स्वित्झर्लंडमध्ये डावीकडे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली स्कूटर उभी असेल तर ती गोव्यात भाड्याने मिळणारी. पण आधी फोटो उलटा केलेला नाही ना, हे तपासावं. कोणी आरशातल्यासारखा फिरवून टाकला असेल, तर चाक, डावी-उजवी, सगळं खोटं बोलतं. कुठेतरी अक्षरं असतील तर ती उलटी दिसतात, घड्याळ असेल तर आकडे उलटे. रंग भडक केले असतील तर गवताचा हिरवा आणि भिंतीचा पिवळा, दोघांवरचा भरवसा जातो. आकार आणि रेघा तेवढ्या टिकतात.

सगळ्यात अवघड फोटो बर्फाचे. जानेवारीत गवत झाकलं जातं, छपरं झाकली जातात, वाटा जातात, जनावरं आत जातात. उरतात झाडांचे आकार, एखादी दोरगाडीची तार आणि सावली. जानेवारीतली लांब सावली काही सांगत नाही, कारण ती दोन्हीकडे लांबच. पण गुलमर्गला डिसेंबरच्या शेवटीही दुपारचा सूर्य ३२ अंशांवर असतो, स्वित्झर्लंडमध्ये २० अंशांवर, म्हणजे माणसाची सावली उंचीच्या पावणेतीन पट. बर्फात कोणाची सावली दीडपटीच्या आसपास दिसली, जमीन सपाट असली आणि तारीख खात्रीची असली, तर गुलमर्ग म्हणायला हरकत नाही. तिन्हीपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर लिहावं.