भिंतीवर चढणारा लाल साका

पोलादातलं निकेल मोजायचं तर नमुना आम्लात विरघळवून त्यात आधी टार्टरिक आम्ल घालतात, नाहीतर अमोनियाने लोखंडही खाली बसतं. मग गरम, किंचित आम्लधर्मी द्रावणात डायमिथिलग्लायॉक्झिमचं अल्कोहोलमधलं द्रावण ओतायचं आणि अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा. वाफेला अमोनियाचा हलका वास आला, म्हणजे पीएच ८-९ च्या आसपास, की थांबायचं. आम्ल उरलं तर निकेल द्रावणातच राहतं.

लालभडक साका दिसतो देखणा, पण भारी चुकार! पाण्याला न जुमानता तो बीकरच्या काचेवर चढतो. म्हणून बीकर मोठा घ्यावा, गाळणीची मूस काठोकाठ भरू नये, काचेवरचे कण रबरी टोकाच्या कांडीने उतरवावेत. वाळलेला साका ०.२५०० ग्रॅम भरला, तर ०.२०३२ ने गुणून निकेल ०.०५०८ ग्रॅम.