मोजक्या शब्दांतली सूचना आणि जाहिरात

सूचना वाचणाऱ्याला काय, कधी, कुठे आणि कोणाकडे जायचे एवढेच हवे असते. 50 शब्दांच्या मर्यादेत ते आरामात बसते:

सूचना
12 डिसेंबर
आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवार, 20 डिसेंबरला सकाळी 9 वाजता शाळेच्या सभागृहात निबंधस्पर्धा होईल. नावे 17 डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.
– विद्यार्थी प्रतिनिधी

सुरुवातीला ‘सर्वांना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की’ लिहिले, तर सात शब्द खर्च होतात आणि माहिती तेवढीच राहते. अशा पाल्हाळात नाव देण्याची मुदतच लिहायची राहून जाते, आणि मुदतीविना ही सूचना निरुपयोगी आहे.

जाहिरातीत पूर्ण वाक्यांचा आग्रह नसतो. लक्ष वेधणारी ओळ आधी, मग वस्तूचे गुण, सवलत आणि शेवटी संपर्क:

मातीचा बाप्पा, घरीच विसर्जन!
शाडूच्या सुबक मूर्ती, नैसर्गिक रंग
उंची 6 ते 12 इंच
आगाऊ नोंदणीवर 10 टक्के सूट
संपर्क: मूर्ती केंद्र, बाजारपेठ

‘उत्तम दर्जा’ कोणत्याही मालाला चिकटतो. ‘शाडू’ आणि ‘6 ते 12 इंच’ मात्र याच मूर्तींचे वर्णन करतात. संपर्कात प्रश्नात दिलेलाच पत्ता लिहावा, स्वतःचे नाव किंवा मोबाइल क्रमांक घालू नये.