कॉम्बायनर बॉक्समधला फ्यूज नेमका कुणासाठी?

सौर पॅनेलच्या रांगांखाली, खांबाला अडकवलेला एक करडा प्लास्टिकचा डबा असतो. पॅनेलकडून आलेल्या तारांच्या जोड्या खालून आत शिरतात आणि दोनच जाड केबल बाहेर पडून इन्व्हर्टरकडे जातात. हा कॉम्बायनर बॉक्स. आत काय असतं हे पाहायला गेलं, की पहिला गोंधळ होतो तो फ्यूजवरून.

एक उदाहरण घेऊ. ५४० वॉटची १८ पॅनेल एकामागोमाग जोडली की एक स्ट्रिंग होते. अशा आठ स्ट्रिंग, म्हणजे सुमारे ७८ किलोवॉट. या जातीचं एक पॅनेल भर उन्हात साधारण १३ अँपिअर देतं. त्याच्या दोन्ही तारा थेट एकमेकींना चिकटवल्या, तरी प्रवाह जेमतेम १३.९ अँपिअरपर्यंत जातो. घरातल्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर धावतात आणि फ्यूज उडतो. इथे तसं होत नाही. स्ट्रिंगमध्ये शॉर्ट झाला तरी तिच्या स्वतःच्या प्रवाहाने तिचा फ्यूज कधीच उडणार नाही.

मग तो बसवायचा कशाला? तर शेजारच्या स्ट्रिंगांपासून बचाव म्हणून. समजा, एका स्ट्रिंगची केबल उंदराने कुरतडली, ती दोन ठिकाणी लोखंडी सांगाड्याला टेकली आणि मधली काही पॅनेल बाद झाली. त्या स्ट्रिंगचा व्होल्टेज उरलेल्या सातांपेक्षा खाली येतो. इन्व्हर्टरला जमिनीकडे गळती दिसली की तो स्वतःला बंद करतो. पण ऊन काही बंद होत नाही. सातही स्ट्रिंगांना आता जायला दुसरी वाटच नसते, म्हणून त्या आपला प्रवाह आजारी स्ट्रिंगमध्ये उलटा ढकलतात. सात गुणिले १३.९ म्हणजे सुमारे ९७ अँपिअर. पॅनेलच्या मागच्या लेबलवर मात्र जास्तीत जास्त २५ अँपिअरचा फ्यूज चालेल, असं छापलेलं असतं. ही भाऊबंदकी थांबवायला प्रत्येक स्ट्रिंगला वेगळा फ्यूज लागतो.

याच हिशेबातून कळतं, की दोनच स्ट्रिंग असतील तर फ्यूजची गरज नसते. एकीने दुसरीत ढकलले तरी १३.९ अँपिअरच. तिसरी आली की आकडा २७.८ वर जातो आणि लेबलची मर्यादा ओलांडतो.

फ्यूज किती अँपिअरचा? स्ट्रिंगच्या शॉर्ट सर्किट प्रवाहाच्या किमान दीडपट, म्हणजे २०.८५ च्या वर. आणि लेबलवरच्या २५ च्या आत. आपल्या उदाहरणात २५ अँपिअरचाच बसतो. "१५ चा टाका, जास्त सुरक्षित," असं म्हणणारे भेटतात. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात बंद डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच जास्त तापते आणि तापलेला फ्यूज आपल्या आकड्याइतकं ओझं पेलत नाही. १५ चा फ्यूज रोज दुपारी १३ अँपिअर वाहून थकतो आणि काहीही बिघाड नसताना एक दिवस जातो. फ्यूज डीसी सोलरसाठीचाच हवा. त्यावर `gPV` आणि १००० व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्यातली ठिणगी सहज विझते. डीसीला असा शून्य नाही. साध्या फ्यूजमध्ये ठिणगी जळतच राहते. पॅनेलची कुठलीच बाजू अर्थला जोडलेली नसेल, तर फ्यूज अधिक आणि उणे दोन्ही तारांवर लागतात.

फ्यूजशेजारी बसतो एसपीडी, विजेच्या धक्क्याचा वाटेकरी. वीज थेट डोक्यावर पडली तर या छोट्या ठोकळ्याकडून फार अपेक्षा नको. त्याचं खरं काम जवळपास पडलेल्या विजेने तारांमध्ये उठणारी लाट अर्थकडे वळवण्याचं. आत तीन भाग असतात: अधिक तारेपासून मध्यापर्यंत, उणे तारेपासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून अर्थपर्यंत. भाग निकामी झाला की त्याची हिरवी खिडकी लाल होते. पण बहुतेक ठिकाणी चूक ठोकळ्यात नसते, त्याच्या वायरमध्ये असते. डब्यात नीटनेटकं दिसावं म्हणून अर्थची वायर वळसे घालून नेतात. विजेची लाट इतकी वेगाने चढते, की एक मीटर वायरवरच हजारभर व्होल्ट उभे राहू शकतात आणि ते एसपीडीच्या व्होल्टेजमध्ये मिळून इन्व्हर्टरपर्यंत पोहोचतात. म्हणून त्याच्या दोन्हीकडच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत, सरळ आणि जाड असाव्यात.

उरला डीसी आयसोलेटर. आपल्या आठ स्ट्रिंगांसाठी तो १६० अँपिअरचा घेतात. तो बंद केला की इन्व्हर्टरकडचा प्रवाह थांबतो. डबा मात्र मेलेला नसतो. ऊन असेपर्यंत आत आठशेच्या वर व्होल्ट असतात.

आता तपासणी. मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक स्ट्रिंगभोवती सेन्सर असतो आणि आकडे कंट्रोल रूममध्ये दिसतात. बाकी ठिकाणी डीसी क्लॅम्प मीटर पुरतो. आकाश निरभ्र असताना आठही वायरी भराभर मोजायच्या, नाहीतर मधेच ढग येतो आणि सगळी तुलना फसते. समजा, सहा स्ट्रिंग १०.४ च्या आसपास, दुसरी ९.४ आणि पाचवी शून्य दाखवते. दुसरीवर धूळ किंवा सावली नाही, हे आधी चालत जाऊन पाहायचं.

इथे घाईने आयसोलेटर बंद करून फ्यूज होल्डर उघडायला जाणं महागात पडतं. आयसोलेटर बंद केल्यावर पुन्हा क्लॅम्प लावा: दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये काही अँपिअर उलटा प्रवाह दिसेल. तिचा व्होल्टेज थोडा कमी आहे आणि बाकीच्या तिच्यात प्रवाह ढकलत आहेत. फ्यूज उडण्याइतका तो नाही, पण होल्डर ओढला तर हातासमोर ठिणगी धरायला भरपूर आहे. होल्डर हा स्विच नव्हे. त्यामुळे सूर्य कलल्यावर, मीटर शून्याजवळ आल्यावरच प्रशिक्षित माणसाने सगळे फ्यूज काढायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फ्यूज बाहेरच ठेवून, प्रत्येक स्ट्रिंगचा व्होल्टेज वेगळा मोजायचा. सात स्ट्रिंग ८५५ च्या आसपास येतात, दुसरी ८०८. सत्तेचाळीस व्होल्ट कमी, म्हणजे जवळपास एक अख्खं पॅनेल. बहुधा कुठल्या तरी पॅनेलच्या मागच्या जंक्शन बॉक्समधले डायोड शॉर्ट झालेत, आणि विजेच्या लाटेनंतर हे घडतं. म्हणून त्या दिवशी एसपीडीची खिडकीही पाहायची. ते पॅनेल शोधायला त्या स्ट्रिंगच्या पॅनेलांचे व्होल्टेज एकेक करून मोजावे लागतात.

पाचवीचा व्होल्टेज पूर्ण ८५५ आहे, म्हणजे स्ट्रिंग शाबूत आणि फ्यूज गेलेला. नवा टाकण्याआधी त्या स्ट्रिंगची मेगरने इन्सुलेशन चाचणी घ्यायची, कारण उलट्या प्रवाहाने उडालेला फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडेल. चाचणी ठीक निघाली तर होल्डर पाहायचा. त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल, तर दोष सैल पट्टीचा किंवा अर्धवट आवळलेल्या स्क्रूचा. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून भागत नाही. होल्डरही बदलायचा, वायरचं तापलेलं टोक कापून नवं लग बसवायचं आणि स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने आवळायचा.