उभ्या गाडीतला चोर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस दिल्लीबाहेर होतो. परतल्यावर इमारतीखाली उभी असलेली माझी छोटी गाडी सुरू करायला गेलो. सेल्फने केवळ टक्‌टक्‌ असा आवाज केला आणि डॅशबोर्डवर एबीएस, पॉवर स्टीअरिंग व एअरबॅग हे तिन्ही इशारादिवे एकदम उजळले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून तारा जोडून ती कशीबशी सुरू केली, तरी दिवे काही विझेनात. सर्व्हिस सेंटरने एबीएसचे युनिट बदलण्याचा अंदाजखर्च हातात ठेवला आणि करोलबागेतून बसवलेल्या डॅशकॅमकडे बोट दाखवून वॉरंटी नाकारली.

या दोन विधानांत विसंगती होती. दोष कॅमेऱ्याच्या जोडणीचा असेल, तर एबीएसचे युनिट बदलायचे कशासाठी?

एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने उत्तर शोधून दिले. किल्ली काढून, बॉनेट उघडे ठेवून त्याने बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवली आणि टोक व तार यांच्यामध्ये दहा अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवलेला मल्टिमीटर जोडला. मग दारे बंद करून तो अर्धा तास चहा पीत बसला. हा चहा चाचणीचाच भाग आहे. तार जोडताच गाडीतील सगळी नियंत्रण-युनिटे जागी होतात आणि काही अँपिअर प्रवाह दिसतो. ती झोपी गेल्यावरचा आकडाच खरा. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो.) निरोगी गाडीत हा प्रवाह साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. माझ्या गाडीत तो ३१० होता. डॅशकॅमची तार काढताच तो ३० वर आला.

हिशेब सोपा आहे. ०.३१ अँपिअर गुणिले ९६ तास म्हणजे जवळजवळ ३० अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, त्यात तीन वर्षे वापरलेली, आणि दिल्लीची थंडी. ती उतरली यात नवल ते काय! रोज गाडी चालवली असती तर ही चोरी कित्येक महिने लक्षातही आली नसती, कारण दिवसाची तूट अल्टरनेटर भरून काढत राहिला असता.

दिव्यांचे कोडेही त्यातूनच सुटले. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो. उतरलेल्या बॅटरीत तो इतका घसरतो की नियंत्रण-युनिटे मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात, एकमेकांशी त्यांचा संपर्क तुटतो आणि प्रत्येक युनिट आपापली तक्रार नोंदवून ठेवते. स्कॅनरवर ‘पुरवठ्याचा दाब कमी’ अशाच नोंदी होत्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून त्या पुसल्या. दिवे विझले आणि परत आले नाहीत. पुसल्यावर तोच एक दिवा पुन्हा लागला असता, तर मात्र युनिट किंवा त्याची तार खरोखर तपासावी लागली असती.

दुकानदाराने नेमके काय केले होते? गाडी उभी असतानाही कॅमेरा चालावा, ही माझीच मागणी. त्याने छताच्या दिव्याच्या कायम चालू असणाऱ्या तारेला चिमटा लावून वीज घेतली. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेल्यावर पुरवठा तोडणारे छोटे उपकरण त्याने बसवलेच नाही. आता ते बसवले आहे, मर्यादा १२.२ व्होल्ट ठेवली आहे. वीज फ्यूजपेटीतून वेगळ्या फ्यूजमार्गे येते आणि अर्थिंग थेट बॉडीच्या बोल्टवर घेतले आहे. पाचशे-सातशे रुपयांचे काम. ज्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, तिथे तर अर्थिंग त्या टोकावर घेऊच नये. तसे केल्यास सेन्सरला चोरी दिसतच नाही.

म्युझिक सिस्टीम आणि अलार्मचीही हीच कथा आहे. आपल्याकडे स्वस्त व्हेरियंट घेऊन संगीत बाहेरून बसवण्याची रीत जुनी. मूळ सॉकेटला जुळणारा कपलर मिळत असतानाही वायरिंग कापली जाते, कारण त्यात दहा मिनिटे वाचतात.

सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनांतील ट्रॅकिंग यंत्रासाठी देशाने एआयएस-१४० हे मानक केले, यंत्रांची चाचणी सक्तीची केली. खासगी गाडीतील कॅमेऱ्याची तार कुठून घ्यायची, हे मात्र दुकानातल्या पोराच्या अंदाजावर सोडले आहे. निदान कोणत्या तारेवरून वीज घेतली आणि किती अँपिअरचा फ्यूज लावला, एवढे पावतीवर लिहिणे बंधनकारक करता येईल. वॉरंटीच्या वादात ग्राहकाच्या हाती आज तेवढाही कागद नसतो. माझ्या पावतीवर एकच ओळ होती : ‘कॅमेरा फिटिंगसह’.