प्रथिनाला जागेवर पकडताना

मेंदूतल्या चेतापेशीत जी जनुके असतात, तीच रक्तातल्या पांढऱ्या पेशीतही असतात. पण चेतापेशीला लागणारी कित्येक जनुके पांढऱ्या पेशीत बंद ठेवलेली असतात. ती बंद ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे नाव ‘रेस्ट’. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. हे प्रथिन डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि इतर प्रथिनांना बोलावून घेते. मग शेजारचे जनुक गप्प होते. जनुकांना असे चालू किंवा बंद करणाऱ्या प्रथिनांना ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात.

माणसाचा डीएनए सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे. मग एवढ्या लांबीत रेस्ट नेमके कुठे कुठे बसते?

अशा प्रथिनांची डीएनएवर बसण्याची आवडती अक्षररचना बहुधा माहीत असते. तरीही ती रचना संगणकाने शोधून काम भागत नाही. पुष्कळ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर सहा ते दहा अक्षरांचीच खूण ओळखतात. डीएनएची अक्षरे चार. म्हणजे सहा अक्षरांची कोणतीही खूण निव्वळ योगायोगानेच ३ अब्ज अक्षरांत सात लाखांहून अधिक वेळा सापडेल. त्यातल्या बहुतेक जागा प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेल्या डीएनएत दडलेल्या असतात आणि तिथे कोणी बसत नाही. डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिने यांच्या या गुंत्याला क्रोमॅटिन म्हणतात. जिवंत पेशीत कोणती जागा खरोखर व्यापलेली आहे, हे पाहायचे तर प्रथिनाला तिथे बसलेले असतानाच पकडावे लागते.

त्यासाठीची पद्धत म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, संशोधकांच्या बोलण्यात ‘चिप’. तिची सुरुवात फॉर्मॅल्डिहाइडने होते. प्रयोगशाळेतले नमुने बरणीत टिकवायला वापरतात ते फॉर्मॅलिन म्हणजे याच रसायनाचे पाण्यातले द्रावण. १९८८ मध्ये अलेक्झांडर वार्शाव्स्की यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी फळमाशीच्या पेशींवर ते वापरून प्रथिने डीएनएला जागच्या जागी जखडून दाखवली. आज सुमारे १ टक्का फॉर्मॅल्डिहाइड दहाएक मिनिटे पेशींवर ठेवतात आणि मग ग्लायसीन घालून त्याची क्रिया थांबवतात. ही वेळ पाळावी लागते. कमी वेळ ठेवले तर प्रथिन पुढच्या धुण्यात निसटते. जास्त वेळ ठेवले तर सगळे इतके घट्ट होते की डीएनए तुटत नाही, आणि प्रथिनाचा जो भाग ओळखायचा तोच झाकला जातो.

यानंतर पेशी फोडून ध्वनिलहरींच्या माऱ्याने डीएनएचे दोनशे ते पाचशे अक्षरांचे तुकडे करतात. आता नळीत कोट्यवधी तुकडे आहेत आणि त्यातल्या फार थोड्यांवर रेस्ट चिकटलेले आहे. ते वेगळे काढायचे काम प्रतिपिंड करते. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, एकच प्रथिन ओळखून त्याला धरणारा रेणू. प्रतिपिंडे चुंबकीय मण्यांवर बसवलेली असतात. बहुधा रात्रभर थंडीत ढवळल्यावर नळीला बाहेरून चुंबक लावतात. मणी भिंतीशी जमतात, बाकीचे द्रव ओतून टाकतात आणि मणी पुनःपुन्हा धुतात. मग ६५ अंश सेल्सिअसला काही तास ठेवले की फॉर्मॅल्डिहाइडचे बंध सुटतात आणि प्रथिनाच्या पकडीतला डीएनए मोकळा होतो. सुरुवातीला एक कोटी पेशी घेतल्या तरी हाती लागतो तो काही नॅनोग्रॅमच डीएनए. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

या तुकड्यांची अक्षरे वाचली की ते जीनोममध्ये कुठले आहेत ते कळते. २००७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅल्टेक इथल्या संशोधकांनी रेस्टसाठी नेमके हेच केले. त्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींपासून वाढवलेल्या ‘जर्कट’ पेशी वापरल्या. त्यांच्या यंत्राने प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाची फक्त २५ अक्षरे वाचली, पण असे लाखो तुकडे वाचले.

टोक वाचून मधली जागा कशी कळते? प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणी तुटलेला असतो, पण रेस्टची जागा प्रत्येकाच्या पोटात असते. त्यामुळे एका दिशेने वाचलेली टोके त्या जागेच्या डावीकडे गोळा होतात आणि उलट दिशेची उजवीकडे. दोन ढिगांच्या मधोमध रेस्ट बसलेले असते. या हिशेबाने संशोधकांना १९४६ जागा मिळाल्या आणि प्रत्येक जागा मागेपुढे सुमारे ५० अक्षरांच्या अचूकतेने सांगता आली.

त्या अचूकतेने एक अनपेक्षित गोष्टही दाखवली. रेस्टची खूण २१ अक्षरांची आणि दोन अर्ध्या भागांची मानली जात होती. पण काही जागी दोन अर्ध्यांमधले अंतर नेहमीपेक्षा जास्त होते आणि तरीही रेस्ट तिथे होते. ठरलेली खूण घेऊन शोधणाऱ्या संगणकाला या जागा दिसल्याच नसत्या. शिवाय काही जागा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बेटांच्या घडणीत महत्त्वाच्या असलेल्या जनुकांजवळ निघाल्या.

मात्र तुकड्यांचा प्रत्येक ढीग म्हणजे प्रथिनाची बैठक नव्हे. मोकळा, सैल डीएनए ध्वनिलहरींनी अधिक सहज तुटतो, म्हणून तिथले तुकडे प्रतिपिंडाशिवायही जास्त दिसतात. यासाठी त्याच पेशींचा न गाळलेला डीएनए वेगळा वाचून तुलना करतात. या नमुन्याला ‘इनपुट’ म्हणतात आणि तो नसेल तर निष्कर्षाला आधार राहत नाही.

इनपुटही पुरत नाही, हे २०१३ मध्ये यीस्टवरच्या एका प्रयोगाने दाखवले. संशोधकांनी जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन, जीएफपी, यीस्टच्या केंद्रकात धाडले. यीस्टच्या डीएनएवर बसायचे त्याला काही कारणच नाही. तरीही जोरात चालू असलेल्या जनुकांवर त्याचे ठळक ढीग दिसले. जनुक बंद ठेवणाऱ्या ‘सर’ प्रथिनांचे ढीगही याच जागी दिसले होते. तिथे सतत राबता असतो, म्हणून जवळपास तरंगणारे प्रथिनही तिथे अडकल्यासारखे दिसते.

खरेखोटे ठरवायचा कडक मार्ग म्हणजे ते प्रथिन पेशीतून काढून टाकून सगळा प्रयोग त्याच प्रतिपिंडाने पुन्हा करणे. प्रथिनच नाही, तर त्याचे ढीगही नाहीसे व्हायला हवेत. जे उरतात ते एक तर प्रतिपिंडाने दुसऱ्याच कोणाला धरल्याचे, नाहीतर पद्धतीच्या दोषाचे. प्रतिपिंड एकाच प्रथिनाला धरते का, हे आधी वेगळ्या चाचणीत पाहतात, आणि पेशींच्या निदान दोन स्वतंत्र वाढींवर प्रयोग करून निष्कर्ष जुळतात का तेही तपासतात.

एवढे पार पडले तरी ढीग सांगतो तो प्रथिन तिथे असल्याचे. त्याने शेजारचे जनुक बंद केले की नाही, हे तो सांगत नाही. ते कळण्यासाठी रेस्ट काढल्यावर त्या जनुकाचे काम वाढते का, हे वेगळे मोजावे लागते. शिवाय सगळे चित्र लाखो पेशींच्या सरासरीचे असते आणि त्याच जातीच्या पेशींपुरते खरे असते. २००७ ची ती १९४६ जागांची यादी जर्कट पेशींची आहे. यकृताच्या पेशींतल्या जागा हव्या असतील, तर यकृताच्या पेशी घेऊन फॉर्मॅल्डिहाइडपासून सगळे पुन्हा करावे लागते.