पुढे कोण, मागे कोण?

हिरवळीवर एका बाकाशेजारी सायकल उभी आहे. तिच्याभोवती फिरून फोटो काढलेले आहेत. त्या फोटोंवरून संगणकाने उभं केलेलं दृश्य लॅपटॉपवर उघडलं, की माऊसने हवं तिकडून बघता येतं: चाकाच्या आऱ्यांतून पलीकडचं गवत, बाकाच्या फळ्यांमधली फट, मागची झाडं. त्रिमितीय चित्रणाचं संशोधन करणारे लोक हे सायकलचं दृश्य वर्षानुवर्षं चाचणीसाठी वापरत आले आहेत. एखाद्या लॅपटॉपवर हेच दृश्य वळवताना अडखळतं, क्षणभर गढूळ होतं आणि मग जागेवर येतं. ते का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

फ्रान्समधील इन्रिया संस्थेतले बर्नहार्ड केर्ब्ल, जॉर्ज ड्रेटाकिस आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या सहकाऱ्यासह त्यांचा चमू यांनी 2023 साली ही पद्धत मांडली. तिचं नाव गाउसियन स्प्लॅटिंग. आधी फोटोंची आपापसात तुलना करून प्रत्येक फोटो कुठून काढला हे शोधतात आणि त्यातून अवकाशातले विरळ बिंदू मिळतात. मग प्रत्येक बिंदूच्या जागी एक मऊ ठिपका ठेवतात. तो मध्यभागी दाट असतो आणि कडेला विरत जातो, ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखा. तो गोलच असतो असं नाही. गवताच्या पात्यासाठी तो लांबट होतो, फळीसाठी चपटा. संगणक या ठिपक्यांतून चित्र काढतो, ते मूळ फोटोशी ताडून पाहतो आणि ठिपके सरकवत, ताणत, दुभागत, गाळत राहतो. सायकलचं दृश्य पुरं होतं तेव्हा त्यात सुमारे 60 लाख ठिपके असतात.

हे ठिपके अर्धपारदर्शक असतात. सगळं सौंदर्य त्यातच आहे आणि सगळी अडचणही त्यातच. नेहमीच्या संगणकीय खेळात भिंत अपारदर्शक असते. तिथे प्रत्येक पिक्सेलपाशी ‘आतापर्यंतची सर्वांत जवळची वस्तू कोणती’ एवढं लक्षात ठेवलं की पुरतं, वस्तू कोणत्याही क्रमाने रंगवल्या तरी चालतात. अर्धपारदर्शक ठिपक्यांचं तसं नाही. समजा, पांढऱ्या भिंतीपुढे एक हिरवा ठिपका आहे, तो 50 टक्के उजेड अडवतो. त्याच्याही पुढे लाल ठिपका आहे, तो 60 टक्के अडवतो. डोळ्यापर्यंत लाल रंग 60 टक्के पोचतो. उरलेल्या 40 टक्क्यांतले निम्मे, म्हणजे 20 टक्के हिरवे, आणि शेवटचे 20 टक्के भिंतीचे. आता क्रम उलटा करा. हिरवा 50 टक्के, लाल 30 टक्के, भिंत पुन्हा 20 टक्केच. भिंतीचा वाटा तोच राहिला, पण लालसर दिसणारी जागा हिरवट झाली. गवतात असं हजारो जागी एकदम झालं, की दृश्य गढूळ दिसतं.

म्हणून चित्र काढण्याआधी पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवून 60 लाख ठिपक्यांची रांग लावावी लागते. पाहणारा वळला की रांग बदलते. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद मिळतात, 30 चालणार असतील तर तेहतीस.

मूळ संशोधकांनी हे काम पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर सोपवलं होतं. पडद्याचे 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडायचे, कोणता ठिपका कोणत्या चौकोनात आणि किती खोल आहे हे एका आकड्यात बांधायचं आणि सगळे आकडे एका झपाट्यात क्रमाने लावायचे. मग प्रत्येक पिक्सेल पुढून मागे रंगवत जायचा आणि तो जवळजवळ अपारदर्शक झाला की थांबायचं. त्यासाठी एका विशिष्ट कंपनीचं दमदार कार्ड लागत होतं. साध्या लॅपटॉपवर, तेही ब्राउझरमध्ये, वेगळी वाट काढावी लागली. केव्हिन क्वॉक यांनी 2023 मध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामात ती स्पष्ट दिसते.

ही वाट टपाल कचेरीत रोज पाहायला मिळते. पत्रांची वर्गवारी करणारा माणूस एक पत्र दुसऱ्याशी ताडून पाहत बसत नाही. समोर खण असतात, पिनकोड पाहिला की पत्र त्या खणात जातं. 60 लाख ठिपके एकमेकांशी तुलना करून लावायचे तर सुमारे 13 कोटी तुलना कराव्या लागतील. त्याऐवजी सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा ठिपका पाहून मधल्या खोलीचे 65,536 खण करतात. पहिल्या फेरीत कोणत्या खणात किती ठिपके येतील हे नुसतं मोजतात. त्या मोजणीवरून प्रत्येक खणाची रांगेतली सुरुवात कळते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ठिपका थेट आपल्या जागी बसतो. दोन फेऱ्यांत काम संपतं आणि एकाही ठिपक्याची दुसऱ्याशी तुलना होत नाही.

यात एक खोच आहे. दृश्य 65 मीटर खोल असेल तर एक खण सुमारे एक मिलिमीटरचा पडतो आणि सायकलच्या आऱ्याही नीट वेगळ्या राहतात. पण आकाशाच्या नावाखाली एखादा चुकार ठिपका साडेसहा किलोमीटरवर जाऊन बसला असेल, तर तेवढेच खण तेवढ्या अंतरात वाटले जातात आणि एक खण दहा सेंटिमीटरचा होतो. मग आरी आणि तिच्यामागचं पातं एकाच खणात पडतात, आणि त्यांचा आपसातला क्रम फाईलमध्ये जो असेल तोच राहतो. लांबचं झाड ठीक दिसतं, पण जवळची वस्तू मळकट वाटते आणि थांबून वाट पाहिली तरी सुधारत नाही. अशा वेळी लॅपटॉपला दोष नसतो. दृश्याच्या कडेचे भरकटलेले ठिपके कापून टाकले की खण पुन्हा बारीक होतात.

दुसरी गोष्ट मला या साऱ्या प्रकारात सर्वांत सुंदर वाटते. खोली मोजताना डोळ्यापासून ठिपक्यापर्यंतचं तिरपं अंतर घेत नाहीत, नजरेच्या सरळ रेषेत तो किती पुढे आहे हे घेतात. तुम्ही न वळता दोन पावलं पुढे गेलात, तर प्रत्येक ठिपक्याची खोली सारखीच कमी होते. सगळ्यांमधून एकच आकडा वजा झाला तर क्रम कसा बदलेल? बदलत नाही. डावीउजवीकडे सरकलात तरी नाही. रांग बदलते ती फक्त नजर वळली की. म्हणून क्वॉक यांचा प्रोग्राम आधीची आणि आताची नजरेची दिशा ताडून पाहतो आणि फरक साधारण आठ अंशांपेक्षा कमी असेल तर रांगेला हातच लावत नाही.

फरक जास्त असेल तेव्हाही चित्र थांबत नाही. रांग लावायचं काम मुख्य प्रोसेसरवर बाजूला चालू राहतं आणि ग्राफिक्सचा भाग तोवर जुन्याच क्रमाने चित्रं काढत राहतो. नवा क्रम तयार झाला की तो पाठवला जातो. 60 लाख ठिपक्यांच्या यादीसाठी हे सुमारे अडीच कोटी बाइट होतात. जोरात वळल्यावर दृश्य क्षणभर गढूळ होऊन मग जागेवर येतं, ते या उशिरामुळे. फ्रेम रेट त्या वेळी उत्तम असू शकतो, शिळी असते ती रांग.

रांग लागली तरी रंगवण्याचं काम उरतंच आणि लॅपटॉपची दमछाक बहुतेकदा तिथे होते. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 21 लाख पिक्सेल असतात. समजा, प्रत्येकावर सरासरी 50 ठिपके एकावर एक पडले, तर एका चित्रासाठी दहा कोटींहून अधिक वेळा रंग मिसळावा लागतो. ब्राउझरमधल्या नेहमीच्या पद्धतीत पिक्सेल भरला म्हणून मध्येच थांबता येत नाही, मागचे ठिपकेही मिसळले जातात. गवताच्या अगदी जवळ गेलं की एकेक ठिपका पडद्यावर ऐसपैस पसरतो आणि थर आणखी वाढतात. लॅपटॉपमधलं अंगभूत ग्राफिक्स मुख्य मेमरीच वाटून घेत असल्याने तिथे आधीच गर्दी असते.

दुखणं कुठे आहे हे दोन साध्या परीक्षांनी कळतं. ब्राउझरची खिडकी लांबी-रुंदीने निम्मी करा. पिक्सेल एक चतुर्थांश होतात. हालचाल लगेच मऊ झाली तर अडचण रंगवण्याची आहे. खिडकी लहान करूनही वळताना तेवढंच अडखळत असेल, पण न वळता पुढेमागे जाताना सगळं सुरळीत असेल, तर अडचण रांगेची आहे.

उपायही त्याप्रमाणे वेगळे. रंगवण्याचा भार असेल तर आधी रिझोल्यूशन कमी करावं. दाट पिक्सेलच्या पडद्यावर पूर्ण बारकाव्याने काढण्याचा हट्ट सोडला तर काम एक चतुर्थांशावर येतं, आणि कडा मुळातच मऊ असल्याने नुकसान कमी जाणवतं. शिवाय ठिपक्याची कड योग्य जागी कापता येते. पडद्यावर रंगाच्या 256 पायऱ्या असतात, त्यामुळे 255 व्या हिश्श्याहून फिकं जे आहे ते रंगवून उपयोग नाही. पूर्ण दाट ठिपक्याच्या तुलनेत 5 टक्के दाट ठिपका या हिशेबाने निम्म्याहून कमी जागेत संपतो. अशा फिक्या ठिपक्यांची संख्या मोठी असते, म्हणून ही काटछाट फार फळते.

रांगेचा भार असेल तर ठिपकेच कमी करायला हवेत. जवळजवळ अदृश्य असलेले गाळावेत आणि लांबच्या झाडांसाठी थोडे मोठे ठिपके वापरावेत. मेमरी कमी पडत असेल तर रंगाची माहिती आटोपशीर करावी. मूळ पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचे 59 आकडे असतात, त्यांपैकी 48 केवळ कोणत्या बाजूने रंग कसा दिसेल हे सांगतात. सायकलचं दृश्य त्यामुळे 140 कोटी बाइटपर्यंत जातं. क्वॉक यांनी एका ठिपक्याला एकच रंग ठेवला आणि सगळं 32 बाइटमध्ये बसवलं. तेच दृश्य 20 कोटींच्या आत आलं. किंमत एवढीच, की धातूवरची चमक तुमच्याबरोबर फिरत नाही.

एक दोष मात्र अचूक रांगेनेही जात नाही. खोली मोजली जाते ती ठिपक्याच्या केंद्राची. लांबट ठिपका दुसऱ्यात आरपार घुसला असेल, तर त्याचा काही भाग पुढे असतो आणि काही मागे. रांगेत मात्र त्याला एकच जागा मिळते. वळताना दोन केंद्रांची अदलाबदल झाली की तिथला रंग टचकन बदलतो. ऑस्ट्रियातील ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी क्रम नव्याने तपासून हे टाळण्याची रीत दाखवली, पण त्यासाठी जादा काम पडतंच.

तेव्हा असं दृश्य तुमच्या लॅपटॉपवर अडखळलं तर नवं यंत्र घेण्याचा विचार लगेच करू नका. आधी खिडकी निम्मी करा, मग न वळता चार पावलं पुढे जा. रंगवणं जड जातंय की रांग, हे तेवढ्यात कळेल.